तेरजेत २,७६३ रुपयांचा फरक: नऊने भाग जातो, पण चूक सापडत नाही

कीर्दखतावणी

नमस्कार. माझ्या मामांचे तालुक्याच्या गावी रंग, पाइप आणि नळजोडणीच्या सामानाचे दुकान आहे, आणि त्यांचा हिशेब अजूनही हातानेच लिहिला जातो. रोजमेळ, खरेदी पुस्तक, विक्री पुस्तक आणि खातेवही अशा चार वह्या आहेत. जुने दिवाणजी आजारपणामुळे येईनासे झाल्यापासून खतावणी घरातच होते: मामा पुस्तकातून रक्कम वाचतात आणि माझी मामेबहीण ती खातेवहीत लिहिते. वर्षअखेरीची तेरीज मात्र मी काढते.

३१ मार्च २०२५ च्या तेरजेत ११८ खाती आहेत. नावे बाजूची बेरीज ३८,४७,९१६ आणि जमा बाजूची ३८,४५,१५३ येते, म्हणजे नावे बाजू २,७६३ रुपयांनी जास्त आहे. दोन्ही रकान्यांच्या बेरजा मी तीन वेळा केल्या, एकदा खालून वरही केल्या, आणि त्या बरोबर आहेत. खातेवहीत सगळ्या रकमा पूर्ण रुपयांत आहेत. पैशांचा फरक राउंड ऑफ खात्यात जातो.

फरकाला नऊने भाग गेला तर अंकांची अदलाबदल झालेली असते, असे मला महाविद्यालयात शिकवले होते. २,७६३ ला नऊने भागले की नेमके ३०७ येतात. आता या ३०७ चे करायचे काय, हे मला आठवत नाही. सगळी खातेवही पहिल्यापासून तपासायची झाली तर आठवडा जाईल.

बेरीज_वजाबाकी

नऊने भाग गेला म्हणजे अंक उलटे झालेत, यात शंकाच नको. दुसरे काही असूच शकत नाही. ३०७ मधला ३ सांगतो की हजार आणि शतक या स्थानांवरच्या अंकांत ३ चा फरक आहे आणि ७ सांगतो की दशक आणि एकक यांत ७ चा फरक आहे. त्यामुळे अशी एकच रक्कम शोधा जिच्यात या दोन्ही जोड्या उलटल्या आहेत. उदाहरणार्थ २,५१८ ऐवजी ५,२८१ लिहिले गेले असेल, तर फरक बरोबर २,७६३ येतो. पाच मिनिटांचे काम आहे.

कीर्दखतावणी

आभारी आहे. ५,२८१ ही रक्कम तेरजेत नाही आणि वरवर पाहता खातेवहीतही दिसली नाही. तुम्ही म्हणता तशी दुहेरी उलटापालट झालेली दुसरी कोणतीही रक्कम मला तेरजेत सापडली नाही.

जुना_मुनीम

ताई, आधी एक गोष्ट बाजूला काढू. नऊने भाग जाणे हा पुरावा नसून केवळ सुगावा आहे. चूक कोणत्याही प्रकारची असो, दर नऊ फरकांपैकी एकाला योगायोगानेच नऊने भाग जाणार. एखादी २,७६३ ची रक्कम एका बाजूला खतवायची राहून गेली असेल, तरी फरक हाच येईल. म्हणून आकडे उलटे शोधण्याआधी चार वह्यांत २,७६३ ही रक्कम कुठे आहे का, ते पाहा. नेहमी याबरोबर फरकाची निम्मी रक्कमही पाहावी लागते, कारण जमेची रक्कम नावे लिहिली तर फरक दुप्पट पडतो. तुमच्या बाबतीत ती पाहण्याची गरज नाही: फरक विषम आहे आणि वह्यांत पैसे नाहीत, त्यामुळे १,३८१ रुपये ५० पैशांची नोंद असणे शक्य नाही. एका प्रकारची चूक अशी न शोधताच बाद झाली.

आता बेरीज_वजाबाकी यांचे म्हणणे. एका जागी एकाच रकमेत दोन जोड्या उलटणे अशक्य नाही, परंतु माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत ते मी क्वचितच पाहिले. ३०७ हा भागाकार पाहिल्यावर मला पहिल्यांदा दुसरीच शंका येते, ती म्हणजे शून्य सरकण्याची. ३०७ च्या जागी ३,०७० लिहिले गेले तर फरक २,७६३ च येतो. या प्रकारात नऊने भागून येणारा आकडा हीच खरी किंवा चुकीची रक्कम असते. नावे बाजू जास्त आहे, म्हणून एक तर नावे ३०७ च्या जागी ३,०७० पडले असतील किंवा जमा ३,०७० च्या जागी ३०७. हे दोन आकडे शोधा आणि कळवा.

रंगारी_कोल्हापूर

माझ्या समजुतीप्रमाणे हा जीएसटीचा प्रश्न आहे. पाइप आणि रंगांवर १८ टक्के कर आहे, म्हणजे राज्यातल्या राज्यात ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. तुमचा फरक नऊने विभाज्य आहे, त्यामुळे पोर्टलवरचा आणि वहीतला कर जुळत नसणार. दोन वर्षांपूर्वी माझेही असेच झाले होते आणि करसल्लागाराने विवरणपत्र दुरुस्त करून दिले होते.

बेरीज_वजाबाकी

प्रश्न पोर्टलचा नाही हो. तेरीज जुळत नाही, एवढाच प्रश्न आहे. कराचा दर ९ असणे आणि फरकाला नऊने भाग जाणे यांचा काहीही संबंध नाही.

जुना_मुनीम

संबंध नाही असे म्हणू नका. रंगारी यांनी प्रश्न पोर्टलकडे नेला, ते खरे. पण त्यांच्या हातून एक कामाची गोष्ट बोलली गेली. करपात्र रक्कम पूर्ण शेकड्यांत असेल, तर तिच्यावरच्या ९ टक्के कराला नऊने भाग जाणारच. २,७६३ म्हणजे ३०,७०० रुपयांवरचे नेमके ९ टक्के. मामांनी ३०,७०० चा माल विकला, ग्राहकाच्या खात्याला करासह पूर्ण रक्कम नावे पडली, विक्री जमा झाली, सीजीएसटी जमा झाला आणि एसजीएसटीची ओळ राहून गेली, तर नावे बाजू बरोबर २,७६३ ने वाढेल. आमच्या काळात, म्हणजे जुलै २०१७ च्या आधी, हा फसवा नऊ नव्हता. आता १८ टक्क्यांचा माल विकणाऱ्या प्रत्येक दुकानात तो आहे, म्हणून तेही पाहून घ्या: विक्री पुस्तकात करपात्र ३०,७०० चे बिल आहे का?

खरेदीत ही चूक झाली असती, तर जमा बाजू जास्त दिसली असती. त्यामुळे या कारणासाठी खरेदी पुस्तक उघडू नका.

कीर्दखतावणी

सगळे पाहिले. २,७६३ ची नोंद कुठेही नाही. ३०,७०० चे बिल नाही. ३०७ कुठे नाही. मात्र ३,०७० सापडले! हमाली-वाहतूक खात्याला २२ ऑगस्टला ३,०७० नावे आहेत, आणि हमालीला एका दिवसात एवढी रक्कम मला जास्त वाटते. ती ३०७ असावी, असे मला जवळजवळ निश्चित वाटते. दुरुस्त करू का?

जुना_मुनीम

मुळीच करू नका. आधी रोजमेळ पाहा. रोजमेळात त्या दिवशी ३०७ लिहिले असेल, तरच खतावणी चुकली असे म्हणता येईल. रोजमेळातही ३,०७० असेल, तर रक्कम खरी असो वा खोटी, रोकड शिल्लक त्याच ३,०७० ने कमी झालेली आहे आणि दोन्ही बाजूंना तोच आकडा आहे. तेरजेतला फरक त्यामुळे पडलेला नाही. हवी ती रक्कम सापडली की माणूस तिला चूक ठरवतो, आणि एका बरोबर नोंदीची दुरुस्ती केली की मूळ चूक वहीत तशीच राहून तेरीज मात्र जुळते. असे झाकलेले हिशेब मी उघडले आहेत. त्याहून न जुळणारी तेरीज बरी.

कीर्दखतावणी

रोजमेळात ३,०७० च आहे. त्या दिवशी पाइपांची पूर्ण गाडी उतरवली होती आणि ट्रकभाडेही त्यातच होते, असे मामांनी सांगितले. तुम्ही थांबवले नसते, तर मी खोडले असते.

टॅलीवाला

मला एक कळत नाही की आजच्या काळात हा प्रश्न येतोच कसा. सॉफ्टवेअरमध्ये नावे आणि जमा सारखे झाल्याशिवाय व्हाउचर स्वीकारलेच जात नाही. तेरीज जुळवण्यासाठी रात्री जागण्याचा काळ संपला.

पतसंस्था_लेखनिक

तसे नाही. व्हाउचर स्वीकारले जात नाही, हे खरे आहे. पण सुरुवातीच्या शिलका आपण एकेक करून भरतो आणि तिथे सॉफ्टवेअर अडवत नाही. आमच्या ओळखीच्या एका दुकानाची हातवही मी टॅलीत नेली, तेव्हा तेरजेच्या तळाशी `Difference in Opening Balances` ही ओळ ८,९१० रुपये दाखवत होती. त्याला नऊने भाग जातो, पण मी दोन दिवस शेजारशेजारचे अंक उलटे शोधत बसले. अखेरीस लक्षात आले की ८,९१० ला नव्याण्णवनेही भाग जातो आणि भागाकार ९० येतो. एका ग्राहकाकडून ९० रुपये येणे होते, वहीत ते ९०.०० असे लिहिलेले होते, आणि मी भरताना टिंब न पडल्यामुळे ते ९००० झाले होते. रक्कम दोन घरे सरकली होती.

जुना_मुनीम

फार चांगले उदाहरण दिलेत. फरकाला नव्याण्णवने भाग गेला, तर एक तर रक्कम दोन घरे सरकलेली असते किंवा मधला अंक जागेवर राहून कडेचे दोन अंक बदललेले असतात, जसे ७४१ चे १४७. कीर्दखतावणी ताईंच्या २,७६३ ला नव्याण्णवने भाग जात नाही, म्हणून तो रस्ता बंद.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शून्य सरकलेले नाही, कर राहिलेला नाही, रक्कम सुटलेली नाही. मग ३०७ चे दोन तुकडे करून पाहायला हरकत नाही: ३०० आणि ७. एका चुकीने २,७०० चा फरक पडला असेल आणि दुसऱ्या, वेगळ्या ठिकाणच्या चुकीने ६३ चा. बेरीज_वजाबाकी यांनी अंक बरोबर वाचले होते, फक्त दोन्ही चुका एकाच रकमेत कोंबल्या. हाही अंदाजच आहे, कारण ३०७ हे ३१० वजा ३ असेही होऊ शकतात. पण सोप्यापासून सुरुवात करावी.

शेजारचे दोन अंक उलटले की नऊच्या पटीतच फरक का पडतो, हे एकदा समजले की पुढचे शोधणे सोपे जाते. २५ च्या जागी ५२ लिहिले, तर ५ हा अंक एककातून दशकात गेला. पाचाचे पन्नास झाले आणि नऊ पाच वाढले. २ हा अंक दशकातून एककात आला, म्हणजे नऊ दोन कमी झाले. राहिले नऊ गुणिले ३. म्हणून भागाकारातला अंक त्या दोन अंकांतले अंतर सांगतो आणि त्यापुढची शून्ये सांगतात की जोडी कोणत्या स्थानावर आहे. ३०० म्हणजे हजार आणि शतक यांच्या जागी ३ चे अंतर.

यापुढे दिशा पाहा, कारण दिशेमुळे निम्मे काम वाचते. नावे बाजू जास्त आहे. म्हणजे नावे बाजूला चूक असेल, तर लिहिलेली रक्कम खऱ्यापेक्षा मोठी आहे, त्यामुळे तिच्यात हजाराचा अंक शतकाच्या अंकापेक्षा ३ ने मोठा असेल: ३०, ४१, ५२, ६३, ७४, ८५, ९६. जमा बाजूला चूक असेल, तर लिहिलेली रक्कम लहान आहे, म्हणून तिथे उलट्या जोड्या पाहायच्या: ०३, १४, २५, ३६, ४७, ५८, ६९. शंभर जोड्यांपैकी प्रत्येक बाजूला सातच उरतात. तुमच्या ११८ खात्यांतली आठ-नऊ खाती या चाळणीत अडकतील. तेवढीच खातेवहीच्या पानाशी ताडून पाहा.

टॅलीवाला

तेरीज एक्सेलमध्ये असेल, तर डोळ्यांनी पाहण्याचीही गरज नाही. रकमा B रकान्यात असतील, तर शेजारी हे सूत्र घालून खालपर्यंत ओढा:

```
=MOD(INT(B2/1000),10)-MOD(INT(B2/100),10)
```

नावे खात्यांत उत्तर 3 आणि जमा खात्यांत -3 आले, तीच खाती उघडायची. मघाशी जरा टोचून बोललो, त्याबद्दल क्षमस्व.

कीर्दखतावणी

सूत्र घातले. नावे बाजूला पाच आणि जमा बाजूला तीन खाती निघाली. आठही पाने उघडली, आणि चौथ्याच पानावर हसावे की रडावे, ते कळेना. एका गवंडी-कंत्राटदाराच्या खात्यावर खातेवहीत शिल्लक १२,५८० आहे आणि तेरजेत मी १५,२८० लिहिले आहे. ही चूक मामांची नाही, बहिणीची नाही, माझीच आहे. नावे बाजूची बेरीज आता ३८,४५,२१६ आणि जमा बाजू तीच ३८,४५,१५३. फरक फक्त ६३ उरला.

आता ६३ साठी हीच पद्धत वापरली: भागाकार ७, म्हणजे एकक आणि दशक यांत ७ चे अंतर. तेरजेत नावे बाजूला ७०, ८१, ९२ ने संपणाऱ्या रकमा पाहिल्या आणि जमा बाजूला ०७, १८, २९ ने संपणाऱ्या. एकूण सात खाती निघाली आणि सातही खातेवहीशी तंतोतंत जुळली. आता काय?

बेरीज_वजाबाकी

६३ रुपयांसाठी एवढा जीव का काढायचा? सस्पेन्स खात्याला टाका आणि पुढे चला. वर्षभराची उलाढाल लाखांत आहे आणि आपण ६३ रुपयांचा पाठलाग करतो आहोत. बँकेतही असे करतात.

जुना_मुनीम

सस्पेन्स खाते तात्पुरते उघडायला माझा विरोध नाही. विवरणाची तारीख अंगावर आली असेल, तर उघडावेच. पण फरक लहान आहे म्हणून चूक लहान आहे, हा तर्क चुकीचा आहे. याच तेरजेत २,७०० जमा बाजूला जास्त पडले असते, तर मुळात फरक २,७६३ दिसला नसता, उलट दिशेने २,६३७ दिसला असता. आणि दोन्ही चुका सारख्या रकमेच्या, उलट बाजूंच्या असत्या, तर काहीच दिसले नसते. बाकी राहिलेले ६३ म्हणजे एकच छोटी चूक आहे, की दोन मोठ्या चुकांतली वजाबाकी आहे, हे शोधल्याशिवाय सांगता येत नाही.

ताई, तुमची चाळणी बरोबर होती, ती लावण्याची जागा बदलायला हवी. पहिली चूक खातेवहीतून तेरजेत उतरवताना झाली होती, म्हणून उलटे अंक तेरजेतच दिसले. चूक त्याआधी, खतावणीत झाली असेल, तर खात्याची शिल्लक ही अनेक नोंदींची बेरीज-वजाबाकी असते आणि तिच्यात उलटी जोडी दिसतच नाही. आता तीच चाळणी खात्यांच्या आतल्या नोंदींना लावायची: नावे बाजूला ७०, ८१, ९२ ने आणि जमा बाजूला ०७, १८, २९ ने संपणारी प्रत्येक नोंद मूळ पुस्तकाशी ताडायची. तेवढ्यासाठी सगळ्या नोंदी तपासाव्या लागणार नाहीत. आणि त्याच वेळी पान संपल्यावर पुढे नेलेली बेरीज दुसऱ्या पानावर तशीच उतरली आहे का, तेही पाहा. हातवहीत ही जागा मला खतावणीइतकीच दगाबाज वाटते.

एक सूचना: व्यापाऱ्यांच्या जमा खात्यांपासून सुरुवात करा. मामा वाचतात आणि बहीण लिहिते, असे तुम्ही पहिल्याच मजकुरात म्हटले आहे. आपल्याकडे एकक आधी उच्चारतात. मामा "एक्याऐंशी" म्हणतात, तेव्हा कानावर आधी "एक" येते आणि हात आधी १ लिहितो.

गणित_शिक्षिका

या शेवटच्या मुद्द्यावर मला थोडे बोलायचे आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "ऐंशी एक" या पद्धतीने संख्या वाचण्याचा पर्याय आला, तेव्हा मोठा वाद झाला होता आणि मी त्या पद्धतीच्या बाजूने होते. मुलांच्या वहीत ८१ चे १८ होते, हे मी रोज पाहते. पण ती मुले सात वर्षांची असतात. मोठ्या माणसाचा कान "एक्याऐंशी" हा शब्द तोडून ऐकत नाही, अखंड ऐकतो, असे माझे मत आहे. शिवाय त्यांची पहिली चूक, १२,५८० चे १५,२८०, ही तर बारा आणि पाचशे यांच्यामधली आहे. तिथे उच्चाराचा काही संबंध येत नाही.

जुना_मुनीम

पहिली चूक डोळ्यांची आहे, यात दुमत नाही. ती ताईंनी पाहून लिहिताना केली. कानाच्या चुकीबद्दल माझ्याकडे शास्त्र नाही, अनुभव आहे. आमच्याकडे वाचणारा आणि लिहिणारा वेगळे असत, तेव्हा वाचणाऱ्याने "चार सहा आठ एक" असे अंक सुटे म्हणावेत, असा दंडक होता. तो कोणी आणि का घातला, ते मात्र मला कोणी सांगितले नाही.

पतसंस्था_लेखनिक

आणखी एक विचारते. वही देवनागरी अंकांत असेल, तर १ आणि ९ यांचा घोळ होतोच. तोही नऊच्या हिशेबात येतो का?

जुना_मुनीम

नाही, आणि म्हणूनच तो वेगळा ओळखू येतो. १ ला ९ वाचले, तर फरक ८ चा, ८० चा किंवा ८,००० चा पडतो आणि त्याला नऊने भाग जात नाही. फरकात एकच अंक आणि पुढे शून्ये असतील, तर उलटापालट शोधू नये. अंक चुकीचा वाचला गेला किंवा बेरजेत हातचा राहिला, असे समजून त्या स्थानाचा रकाना पाहावा. याला अपवाद फक्त ९, ९०, ९०० अशा फरकांचा. तिथे दोन्ही शक्यता राहतात आणि कोणती खरी, हे फरकावरून कळत नाही.

कीर्दखतावणी

सापडले. व्यापाऱ्यांच्या खात्यांत ०७, १८, २९ ने संपणाऱ्या जमा नोंदी एकूण चौदा निघाल्या. त्यांतली नववी नोंद एका नळ-फिटिंगच्या व्यापाऱ्याच्या खात्यावर होती. खरेदी पुस्तकात बिल ४,६८१ चे आहे आणि खातेवहीत ४,६१८ जमा आहेत. खरेदी खात्याला पुस्तकाची मासिक बेरीज बरोबर गेली, फक्त व्यापाऱ्याच्या खात्यात ६३ कमी पडले.

ही चूक तेरजेत का दिसत नव्हती, ते पान पाहिल्यावर लगेच समजले. जमा बाजूला सुरुवातीची शिल्लक ८,१५० आणि त्याखाली ६,२४०, ४,६१८ आणि १६,३४७, अशी एकूण ३५,३५५. नावे बाजूला दिलेले १२,०००. आणि शिल्लक २३,३५५. तेरजेत मी फक्त हे २३,३५५ पाहत होते आणि त्यात १८ चा मागमूसही नव्हता. खात्री करण्यासाठी मामांनी त्या व्यापाऱ्याला दूरध्वनी करून शिल्लक विचारली, तर त्यांच्याकडे २३,४१८ निघाली. म्हणजे त्यांच्या खाते उताऱ्यावर ही चूक पहिल्या दिवसापासून दिसत होती. आम्ही तो मागवलाच नव्हता.

लाल शाईने आकडा खोडून त्यावर दुरुस्ती केली आणि मामांची सही घेतली. आता दोन्ही बाजू ३८,४५,२१६.

बहिणीला विचारले की "एक्याऐंशी" ऐकून १८ लिहिलेस का. तिला काही आठवत नाही. ती म्हणते की मामा एका दमात वाचतात आणि त्यांच्यापुढे कोणाचेच काही चालत नाही.

गणित_शिक्षिका

म्हणजे आमचा वाद तसाच राहिला.

रंगारी_कोल्हापूर

माझा ३०,७०० चा मुद्दा चुकला, पण तो माझा नव्हताच, मुनीमकाकांनी तो माझ्या नावावर खतवला. तरी मी काल माझ्या वहीतले जुने फरक काढून पाहिले. करसल्लागाराने दुरुस्त केलेला तो फरक ४,१४० होता, म्हणजे ४६,००० वरचा ९ टक्के. माझ्याकडे एसजीएसटीची ओळच राहिली होती.

बेरीज_वजाबाकी

खाते उताऱ्याची कल्पना मला आवडली. व्यापाऱ्यांकडून उतारे आधीच मागवले असते, तर नऊने भागण्याची गरजच पडली नसती.

जुना_मुनीम

व्यापाऱ्यांपुरते खरे आहे. पहिली चूक कंत्राटदाराच्या शिलकेची होती. त्याचे खाते खातेवहीत बरोबरच होते आणि उतारा मागवला असता तरी जुळला असता. चूक फक्त तेरजेच्या कागदावर होती. हमाली, वीजबिल, पगार यांना तर उतारा देणारे कोणी नसते.

ताई, तेरीज जुळली हे चांगले झाले, पण व्यापाऱ्यांचे उतारे आता मागवाच. खरेदी पुस्तकात बिल लिहितानाच अंक उलटला असेल, तर तोच उलटा आकडा खरेदीलाही जातो आणि व्यापाऱ्यालाही. दोन्ही बाजू सारख्याच चुकतात आणि तेरीज काहीच बोलत नाही.

कीर्दखतावणी

काल पाच व्यापाऱ्यांचे उतारे आले. चार जुळले. पाचव्याच्या उताऱ्यात आमच्यापेक्षा ४५० रुपये जास्त आहेत. नऊने भागले, ५० आले, म्हणून शतक आणि दशक यांत ५ चे अंतर असलेली जमा नोंद शोधली. त्यांच्या खात्यावर एकच निघाली, ७,२७०, आणि खरेदी पुस्तकातही ७,२७० च आहे. बिल ७,७२० चे असावे, असे वाटते; पण मूळ बिल फायलीत नाही, आणि मामा म्हणतात की तो माल थोडा परत केला होता. ३,०७० चा अनुभव ताजा आहे, म्हणून अजून काहीही खोडलेले नाही. उद्या त्या व्यापाऱ्याकडून बिलाची प्रत मागवते.